हॉर्न मागचा, क्लच माझा

रत्नागिरीत गाडी शिकवायची म्हणजे आधी चढ. सपाट रस्ता आमच्याकडे शोधावाच लागतो. त्यात गणपती चार दिवसांवर, मुंबईकरांच्या गाड्या गावात शिरलेल्या, आणि बावन्न वर्षांच्या काकू चढावरच्या सिग्नलला सगळ्यांत पुढे.

हिरवा झाला. मागून हॉर्न वाजला तसा त्यांनी क्लच एकदम सोडला. गाडीने आचका दिला, इंजिन बंद. घाबरून क्लच पुन्हा दाबला, पण ब्रेकवर पाय नव्हता. गाडी मागे सरकायला लागली. मागे रिक्षा, हातभर अंतरावर. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला.

शिकवायच्या गाडीत डावीकडे क्लच आणि ब्रेक जादा असतात, ते शिकणाऱ्याच्या पेडलांना जोडलेले. मी दाबला की त्यांचाही खाली जातो. बरेच मास्तर गुपचूप स्वतःच क्लच सांभाळतात. गिऱ्हाईक खूश, कोर्स वेळेत पूर्ण. मग घरची गाडी पहिल्याच चढाला बंद.

काकूंनी खाली पाहिलं. "म्हणजे इतके दिवस तुम्हीच चालवत होतात?"

काय बोलणार? थोडंफार खरंच होतं. वर मी सूचनांचा पाऊस पाडला: न्यूट्रल करा, चावी फिरवा, आरशात बघा. त्यांच्या कानात फक्त हॉर्न शिरत होता.

दुसऱ्या दिवशी कॉलेजमागच्या रिकाम्या चढावर गेलो. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, किंचित रेस. क्लच इतका हळू सोडायचा की इंजिनाचा आवाज जड होईल आणि बॉनेट जरासं वर उचललं जाईल. तिथे पाय थांबवायचा. आता हँडब्रेक खाली केला तरी गाडी मागे जात नाही. ती जागा हाताला लागेपर्यंत, म्हणजे पायाला, वीसेक वेळा तेच केलं. त्या जागी पाय ठेवून सिग्नलभर उभं राहू नका, क्लचप्लेट जळते, हेही सांगितलं. लाल असेल तोवर न्यूट्रल आणि हँडब्रेक.

सिग्नलला आठवायला त्यांना एकच ओळ दिली: "हॉर्न मागचा, क्लच माझा." बंद पडलीच तर आधी हँडब्रेक, मग बाकी सगळं.

तिसऱ्या दिवशी तोच सिग्नल. काकू म्हणाल्या, "दादा, पाय वर घ्या. मला दिसले पाहिजेत."

पायाखाली ब्रेक नसताना भर रहदारीत बसणं माझ्या धंद्यात बसत नाही. मी पाय पेडलांपासून मागे, सीटला टेकवून ठेवले, तेवढंच. हिरवा झाला. मागच्या टेम्पोने हॉर्नवरचा हात काढलाच नाही. काकू पुटपुटल्या, बॉनेट उचललं, हँडब्रेक खाली. गाडी निघाली.

पहिल्या दिवशी ब्रेक दाबला ते बरोबरच होतं, रिक्षा होती. त्याआधीच्या आठ दिवसांत किती वेळा उगाच दाबला, ते मात्र अजून मोजतोय.