पाटलांचे राजीनामे

कोशात शब्द शोधणाऱ्या माणसाकडे कधी नीट बघा. आधी पानं भराभर उलटतात, मग बोट रकान्यावरून खाली घसरत जातं, शब्द सापडतो, त्यापुढचा १ हा आकडा आणि त्याचा अर्थ वाचून होतो आणि कोश मिटतो. २ आणि ३ यांच्या वाट्याला वाचक फारसा जातच नाही. पहिला अर्थ म्हणजे सख्खा आणि बाकीचे चुलत-मावस, असं आपण का कोण जाणे धरून चाललेलो असतो.

माझी भाची इतिहास घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आंतरमहाविद्यालयीन निबंध स्पर्धेला तिच्या कॉलेजातून एकच निबंध जाणार होता आणि तो तिचा निवडला गेला. विषय पेशवाईतला न्याय. इतर मुलांनी रामशास्त्री धरले. हिने मात्र छापील कागदपत्रांचा एक खंड धुंडाळून एका गावच्या पाटीलकीचं भांडण शोधून काढलं. मोडी तिला येत नाही, पण खंड बाळबोधीत होता. थोरलं घर आणि धाकटं घर, दोघांत वडीलपण कोणाचं याचा वाद. होळीला पहिली पोळी कोणाची, पोळ्याला पुढचा बैल कोणाचा, कागदावर आधी नाव कोणाचं. आपल्याला हसू येईल, पण वतनदाराचं सगळं असणं या पोळीत आणि बैलात होतं, त्यापायी दोन-दोन पिढ्या भांडण चाले.

पोरगी आळशी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. 'तक्रीर' म्हणजे वादीने आपल्या तोंडाने सांगून लिहवून दिलेली हकीकत, 'येजितखत' म्हणजे हरलेल्याने आपली बाजू खोटी ठरल्याचं लिहून दिलेलं पत्र, हे तिने तीन ठिकाणी ताडून पाहिलं, सरांनाही विचारलं. कठीण शब्दांत ती कुठेच अडखळली नाही. दगा दिला तो सोप्या शब्दाने. कागदात होतं, की दोन्ही वादींनी पंचांपुढे राजीनामा लिहून दिला. सरांनी बजावलं होतं, ओळखीचे शब्दही बघत जा. म्हणून तिने तोही कोशात पाहिला. घरचा मराठी कोश, शाळेपासूनचा. अर्थ १: पद किंवा नोकरी सोडत असल्याचं पत्र. तिला माहीत होतं तेच होतं. तिने शब्दापुढे पेन्सिलीने बरोबरची खूण केली आणि कोश मिटला. दुसरा अर्थ लगेच खालच्या ओळीत होता: संमतिपत्र, कबुली.

त्या खुणेवर मग निबंध उभा राहिला, आणि काय उभा राहिला! शीर्षकच 'पाटलांचे राजीनामे'. अठराव्या शतकात पाटीलकीवर वाद उपस्थित होताच दोन्ही दावेदार चौकशीआधी पदावरून दूर होत, म्हणजे पंचांवर त्यांच्या अधिकाराचं दडपण येऊ नये. केवढी ही नैतिकता, आणि आज पाहा, चौकशी लागली तरी खुर्ची सुटत नाही! कॉलेजात वाचून दाखवला तेव्हा टाळ्या पडल्या म्हणे. पडणारच. आपल्याला आजच्याबद्दल जे म्हणायचं असतं ते जुन्या कागदाने म्हटलं, की कागद खरा आहे का हे कोण विचारतं?

स्पर्धेत निबंधावर तोंडी प्रश्न असतात. परीक्षक बाई मोडी वाचण्यात केस पांढरे केलेल्या. त्यांनी एवढंच विचारलं, "पाटीलकी हे वतन. बापाकडून मुलाकडे जाणारं. मग राजीनामा दिला तो कोणाकडे?" हिच्याकडे उत्तर नव्हतं. बाईंनी पुढचं विचारलं, "पुढल्या कागदांत हेच दोघे स्वतःला पाटील म्हणवतात. ते कसं?" यावर मात्र हिच्याकडे उत्तर तयार होतं, निबंधातही लिहिलेलं होतं: राजीनामे नामंजूर झाले असावेत.

"नामंजूर झाल्याचं कुठे वाचलंस?"

कुठेच वाचलं नव्हतं.

त्या रात्री फोनवर मला हे सगळं सांगताना तिचा सूर रडवेला कमी आणि चिडका जास्त होता. "मामा, मी कोश बघितला होता," हे वाक्य दर दोन मिनिटांनी येत होतं. मी म्हटलं, "अगं, कागद पुन्हा वाच, या वेळी राजीनामा म्हणजे काय ते तुला माहीतच नाही असं समजून वाच." वाचलं तर सगळं कागदातच होतं.

पेशवाईतली पंचायत बसायची म्हणजे आधी दोन्ही वादी राजी असावे लागत. राजी असल्याचं लिहून देणं तो राजीनामा, शब्द फारसीतून आलेला, नामा म्हणजे लेख. अमुक पंच आम्हाला मान्य, ते सांगतील त्याप्रमाणे वागू, न वागलो तर गोताचे खोटे आणि दिवाणाचे गुन्हेगार, अशा धर्तीचा मजकूर. त्याच्या जोडीला जामीन: बोलावल्यावर हजर राहण्याचा एक आणि निवाडा पाळण्याचा दुसरा. हे पहिलं पाऊल. यानंतर तक्रिरी, मग जुने कागद, मग साक्षी. साक्षी शेजारगावचे पाटील, बलुतेदार, त्यांना देवळात किंवा नदीत उभं करून शपथ घालीत. कशानेच निकाल लागेना तर दिव्य. शेवटी हरलेला येजितखत लिहून देई आणि जिंकलेल्याला निवाडपत्र मिळे. राजीनामा दोघांकडून घेतात, सुरुवातीला घेतात आणि जामिनाला चिकटून घेतात, एवढ्या तीन गोष्टी पाहिल्या तरी तो पद सोडण्याचा कागद नव्हे हे कळायला हरकत नव्हती. पद सोडणाऱ्याकडून जामीन कशाला घेतील?

पण तिच्या निबंधातली मला सर्वांत आवडलेली चूक पुढे आहे. निवाडा झाल्यावर सरकार दोघांकडूनही पैसे घेई. जिंकलेल्याने भरायची ती हरकी, आनंदाची म्हणून. हरलेल्याने भरायची तिचं नाव गुन्हेगारी. हिने गुन्हेगारी कोशात बघितलीच नाही, आणि आपणही बघितली नसती, रोज पेपरात असते. तिने लिहिलं, धाकट्या घराची 'गुन्हेगारी' सिद्ध झाली आणि त्यांना शिक्षा झाली. बिचाऱ्या धाकट्या घराने पोळीचा मान गमावला, वर रक्कम भरली, आणि एवढ्या वर्षांनी आमच्या भाचीने त्यांना गुन्हेगारही ठरवलं. पहिला शब्द वाकडा लागला, की पुढचे त्याच्याशी जुळवून घेतात. पदाचा राजीनामा आहे म्हणजे आरोप असला पाहिजे, आरोप आहे म्हणजे गुन्हाही निघाला पाहिजे. आणि जिथे कागद जुळायला तयार नव्हता, तिथे हिने 'नामंजूर' हा शब्द पदरचा घातला. अशा वाचनात चूक ओळखायची खूण मला तरी हीच वाटते: कागदात नसलेलं काहीतरी आपल्याला 'असावं' म्हणून घालावं लागतं.

आता कोशाची बाजू. पहिला अर्थ पहिला का, याचं उत्तर प्रत्येक कोशाचं वेगळं. इंग्रजीतला मोठा ऑक्सफर्ड कोश, ज्याचा पहिला भाग १८८४ साली निघाला, तो अर्थ काळाच्या क्रमाने लावतो. सर्वांत जुना सापडलेला अर्थ आधी. त्यामुळे तिथला पहिला अर्थ कित्येकदा मेलेलाच असतो. 'नाइस' बघायला जाल तर सुरुवातीलाच मूर्ख माणूस भेटतो. उलट परक्या विद्यार्थ्यांसाठी केलेले कोश आज जो अर्थ जास्त चालतो तो वर ठेवतात. आमच्या भाचीच्या शाळकरी कोशानेही तेच केलं, आणि शाळेतल्या मुलासाठी ते योग्यच होतं. तो कोश आजच्या मराठीचा होता, कागद अठराव्या शतकातला. दोघांतलं कोणीच खोटं बोलत नव्हतं.

अशा कामाला निदान मोल्सवर्थ जवळ हवा. त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची, म्हणजे पेशवाई बुडून तेरा वर्षं झालेली, ते शब्द वापरणारी माणसं अजून हिंडती-फिरती. किंवा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघालेला, जो उदाहरण कुठून घेतलं ते संक्षेपाने सांगतो. पण तिथेही एका अर्थावर थांबायचं नसतं. सगळे अर्थ वाचायचे आणि एकेक वाक्यात घालून बघायचा. कंटाळवाणं काम आहे, दुसरा रस्ता मला ठाऊक नाही.

मग राजी असणारा माणूस पद सोडणारा कसा झाला? माझी समजूत अशी, की वाट जमिनीवरून गेली असावी. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात खातं एकाकडून दुसऱ्याकडे जाताना जुना खातेदार राजीनामा देई आणि नवा कबुलायत. जुना म्हणे, मी राजीखुशीने सोडतो. नवा म्हणे, मी सारा भरायला कबूल. राजीखुशी मागे पडली आणि सोडणं तेवढं उरलं. हिंदीत हे घडलं नाही. तिकडे पद सोडतात तो इस्तीफा, आणि दोन पक्षांत कोर्टात तडजोड होते तिला आजही राजीनामा म्हणतात. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे भोपाळच्या मुलीला हा निबंध बरोबर जमला असता!" तिला निदान शंका तरी आली असती, एवढं मी कबूल केलं.

बक्षीस अर्थातच गेलं. तिच्या आईचा राग कोशावर. माझा थोडा सरांवर, कारण मसुदा त्यांनी दोनदा वाचला होता. परीक्षक बाईंनी मात्र निबंध परत देताना शीर्षकाखाली पेन्सिलीने लिहिलं होतं, 'शीर्षक ठेवावे, निबंध बदलावा.' ते तिला फार लागलं, आणि दोन दिवसांनी पटलंही. खरंच, त्याच शीर्षकाखाली पंचायतीच्या संमतिपत्रांवर निबंध लिहिता येईल, आणि तो पहिल्यापेक्षा रंजक होईल. निकालाआधीच 'निकाल मान्य' असं लिहून देणारी माणसं पुढे तो कितपत मानत, हरलेलं घर पुन्हा नवे पंच मागायला कधी जाई, हे शोधण्यासारखं आहे.

सध्या ती दुसऱ्याच कामात आहे. शिवकाळातल्या अठरा कारखान्यांवर टिपण करायचंय. त्यांत पीलखाना आहे, तोफखाना आहे, मुदपाकखानाही आहे, म्हणजे हत्ती, तोफा आणि स्वयंपाक, सरकारी व्यवस्थेची खाती. वर्गातल्या एका मुलाने तिला शीर्षक सुचवलं, 'शिवाजी महाराजांचे औद्योगिक धोरण'. त्याला तिने जे सुनावलं, त्यातले काही शब्द कुठल्याच कोशात मिळायचे नाहीत.