टर्नरचा हत्ती, तिसरा प्रयत्न

मागच्या महिन्यापासून इंग्रज चित्रकार टर्नरच्या 1812 च्या 'हॅनिबल आल्प्स ओलांडतो' वाल्या चित्राची कॉपी चालू आहे, ए-थ्री कागदावर, ॲक्रिलिकमध्ये. मूळ कॅनव्हास साधारण 146 बाय 237 सेंटीमीटर, म्हणजे माझ्या 42 सेंटीमीटर रुंदीला उंची जेमतेम 26, बाकीचा कागद टेपखाली गेला.

पहिल्या दोन वेळा फसलं ते हत्तीमुळे. नाव कार्थेजचा सेनापती हॅनिबल याचं पण तो कुठे दिसतच नाही, दूर क्षितिजावर एक इवलासा हत्ती आहे, सोंड वर केलेला, हॅनिबल असलाच तर त्याच्यावर असेल. मी तो 'नीट दिसावा' म्हणून प्रिंटवरच्या ग्रिडमध्ये होता त्याच्या दुप्पट काढला आणि अख्खं वादळ लहान झालं, डोंगर टेकडी वाटायला लागले. नंतर लक्षात आलं की पुढच्या खडकांवर मागे राहिलेल्या सैनिकांना स्थानिक टोळ्या लुटतायत, ती माणसं हत्तीपेक्षा मोठी आहेत. हत्ती केवढा असतो हे आपल्याला माहीत असतं, तो माणसापेक्षा बारीक दिसला की डोळा आपोआप मधलं अंतर मोजतो आणि मग त्या अंतराच्या वर पसरलेलं आभाळ केवढं असेल ते कळतं. आता तो 3 मिलिमीटरचा आहे, झिरो नंबर ब्रशचे चारपाच ठिपके, बस.

दुसरी भानगड ढगांच्या कडांची. ॲक्रिलिक पटकन वाळतं, त्यामुळे तो डोक्यावरून लाटेसारखा वळलेला काळा ढग कडक कडेचा झाला आणि चक्क खडक दिसायला लागला. कड स्पष्ट असली की वस्तू कुठे संपते ते कळतं, आणि संपते कुठे ते कळलं की भीती गेली. विचारवंत एडमंड बर्कने 1757 मध्येच सब्लाइमवर, म्हणजे धडकी भरवणाऱ्या भव्यतेवर, लिहिताना म्हणून ठेवलंय की अस्पष्टपणा भीती वाढवतो. (सब्लाइमला आपण 'उदात्त' म्हणतो पण त्या शब्दात ही धास्ती येत नाही असं मला फार वाटतं.) यावेळी रंग हळू वाळावा म्हणून रिटार्डर घातलं, मधूनमधून पाण्याचा स्प्रे मारला, आणि कडक कडा फक्त पुढच्या खडकांना आणि माणसांना ठेवल्या. फरक लगेच दिसला.

हे वादळ टर्नरने आल्प्समध्ये नाही, यॉर्कशरमध्ये फार्नली हॉलला बघितलं असं सांगतात, पत्राच्या मागे भराभर टिपून घेतलं आणि यजमानाच्या मुलाला म्हणाला दोन वर्षांनी हे परत बघशील. प्रदर्शनात ते खाली टांगावं म्हणूनही तो अडून बसला होता. म्हणून मी पण कॉपी टेबलावरून उचलून जमिनीलगत भिंतीला टेकवली आणि खाली बसून बघितली, तर वरचा ढग खरंच अंगावर आला, पण उजवीकडचा बर्फाचा लोट अजून कापसासारखा दिसतोय. तिथे पांढरा जास्त झालाय, रविवारी राखाडीचा पातळ ग्लेझ देऊन सूर्यापेक्षा फिका करणार आहे.