आठ वर्षं बॅकएंड, मग मशीन लर्निंग: मला खरंच कुठलं गणित लागलं

आठ वर्षं जावामध्ये बॅकएंड लिहिलं आणि मग मशीन लर्निंगकडे वळले. पहिले चार महिने मी चुकीच्या ठिकाणी घालवले असं आता वाटतं, कारण लिनिअर अल्जेब्राचं पुस्तक पहिल्या पानापासून धरलं होतं आणि आयगनव्हॅल्यू हाताने काढत बसले होते. ते गणित वाईट नाही, पण पहिल्या वर्षात मला ते एकदाच लागलं, पीसीए म्हणजे डेटातले कॉलम कमी करायची पद्धत समजून घेताना.

कामाला आलं ते दुसरंच. एका सीनियरने सांगितलं की लायब्ररी न वापरता लॉजिस्टिक रिग्रेशन लिहून बघ, ग्रेडियंट स्वतः कागदावर काढ. चेन रूल बारावीत शिकलेला, दोन संध्याकाळी गेल्या पण उत्तर आलं आणि कोड इतकाच झाला:

```python
p = 1 / (1 + np.exp(-(X @ w)))   # w: (d, 1)
grad = X.T @ (p - y) / n         # y: (n,)
```

रन केलं तर एरर काही नाही, पण लॅपटॉप गुदमरायला लागला. `p` चा शेप होता (n, 1) आणि `y` चा (n,), त्यामुळे वजाबाकी करताना नमपायने गुपचूप n बाय n चं मॅट्रिक्स बनवलं, माझ्या ओळी १०,००० म्हणजे दहा कोटी आकडे, प्रत्येकी ८ बाइट, ८०० एमबी एका वजाबाकीत. `y.reshape(-1, 1)` केलं आणि सुटलं. तेव्हापासून प्रत्येक ओळीशेजारी शेप लिहायची सवय लागली, आणि मला रोज लागणारी लिनिअर अल्जेब्रा बरीचशी हीच आहे. अजून एक छोटी तपासणी तेव्हाच शिकले, सगळी वेट्स शून्य असली की प्रत्येक उत्तर ०.५ येतं, म्हणून पहिला लॉस ०.५ चा ऋण नॅचरल लॉग, म्हणजे ०.६९३, यायलाच हवा. नाही आला तर पुढे जायचंच नाही.

आता प्रोजेक्ट. आधी तयार डेटासेटवर तीन-चार नोटबुक केल्या होत्या, पण त्यात लेबल आयतं मिळतं, आणि लेबल ठरवणं हेच तर अवघड काम आहे हे त्यातून कळत नाही. मग ऑफिसमधल्याच डेटावर एक घेतलं: कुठला ग्राहक पुढच्या ३० दिवसांत सबस्क्रिप्शन बंद करेल. पहिल्याच मॉडेलचा एयूसी, म्हणजे जाणारे आणि राहणारे ग्राहक मॉडेल किती नीट वेगळे करतं ते सांगणारा १ पर्यंतचा आकडा, ०.९६ आला. मी खूश, आणि दोन दिवसांनी शंका आली की इतकं सोपं कसं असेल. कुठल्या कॉलमला मॉडेल सगळ्यात जास्त वजन देतंय ते काढलं तर निघालं "शेवटच्या लॉगिनला किती दिवस झाले". हा आकडा मी आजच्या तारखेपासून मोजला होता! जो तीन महिन्यांपूर्वी सोडून गेला तो अर्थातच तीन महिने लॉगिन करत नाहीये, म्हणजे मॉडेल भविष्य सांगत नव्हतं, झालेली गोष्टच वाचून दाखवत होतं.

मग सगळं परत केलं. प्रत्येक महिन्यासाठी एक कटऑफ तारीख ठरवली, त्या दिवशी चालू असलेलेच ग्राहक घेतले, प्रत्येक फीचरच्या क्वेरीत `logged_at < :cutoff` टाकलं, लेबल फक्त त्यानंतरच्या ३० दिवसांतून काढलं. ट्रेन आणि टेस्टची फोडही रँडम न करता तारखेवर केली, जुन्या महिन्यांवर शिकवायचं आणि नंतरच्या महिन्यावर तपासायचं. एयूसी ०.७४ वर आला. वाईट वाटलं, पण हा आकडा खरा होता. आणि इथे माझी आठ वर्षं कामाला आली, कारण त्या दिवशी सिस्टिमला नेमकं काय माहीत होतं हा प्रश्न डेटाबेसवाल्या माणसाचा आहे, आणि टेबलात जुनी व्हॅल्यू ओव्हरराइट झालेली असेल तर ते फीचर सोडावंच लागतं (मी दोन सोडली).

यानंतर प्रोबॅबिलिटी, जी मी सगळ्यात उशिरा उघडली आणि जी सगळ्यात आधी उघडायला हवी होती. टेस्टमधल्या १०,००० ग्राहकांपैकी सोडून जाणारे २००. म्हणजे "कोणीच जाणार नाही" असं म्हणणारं मॉडेलसुद्धा ९८ टक्के बरोबर, म्हणून ॲक्युरसी बघण्यात अर्थ नाही. सपोर्ट टीम महिन्याला ५०० लोकांना फोन करू शकत होती, तर मी वरचे ५०० काढले, त्यात खरोखर जाणारे ९० निघाले. प्रिसिजन, म्हणजे काढलेल्यांपैकी खरे जाणारे, १८ टक्के; रिकॉल, म्हणजे एकूण जाणाऱ्यांपैकी सापडलेले, ४५ टक्के. मॅनेजर म्हणाले, "अहो, पाचातले चार फोन वाया?" मी त्यांना सांगितलं की डोळे मिटून ५०० निवडले असते तर १० सापडले असते, आपल्याला ९० मिळाले. त्यांना ते लगेच पटलं, एयूसी सांगून दोन मीटिंगमध्ये पटलं नव्हतं.

नंतर एमएल टीममध्ये बदलीसाठी इंटरव्ह्यू झाला तेव्हा तासातली जवळजवळ चाळीस मिनिटं या ०.९६ वरच गेली: कसं ओळखलंस, कुठली फीचर सोडलीस, टेस्टसाठी कटऑफ एकच का घेतलास. शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. एकाच कटऑफमुळे सणासुदीचा महिना आला तर आकडे किती हलतील हे कळत नाही, म्हणून आता सहा वेगवेगळ्या कटऑफवर तेच मॉडेल तपासतेय.