तुम्ही विचारलंत म्हणून: रात्रीचा पूर्ण अंधारच होत नाही तिथे इशाची, म्हणजे रात्रीची नमाज कधी पढायची?

हा प्रश्न हजार वर्षांहून जुना आहे. इ.स. 922 मध्ये बगदादच्या खलिफाचा दूत इब्न फदलान व्होल्गाकाठच्या बुल्गारमध्ये पोहोचला. तंबूत गप्पा मारत तो इशाच्या अजानची वाट पाहत होता. अजान झाली आणि बाहेर येऊन पाहतो तर उजाडलेलं! अजान देणारा मुअज्जिन म्हणाला, ही फजरची, म्हणजे पहाटेच्या नमाजेची अजान. इशा आम्ही सूर्यास्ताच्या मगरिबबरोबरच पढतो. फजर चुकेल या धास्तीने तो मुअज्जिन महिनाभर रात्रीचा झोपला नव्हता.

असं का झालं? दिवसाच्या नमाजांना तिथेही अडचण नाही. सूर्य माथ्यावरून ढळला की जुहर, काठीची सावली दुपारच्या सावलीपेक्षा काठीएवढी लांबली की असर (हनफी पंथात दुप्पट), सूर्य बुडाला की मगरिब. पण इशा सुरू होते संधिप्रकाश गेल्यावर आणि फजर क्षितिजावर आडवा पांढरा उजेड पसरल्यावर. आजची बरीच वेळापत्रकं त्यासाठी सूर्य क्षितिजाखाली 15 ते 18 अंश गेलेला धरतात. बुल्गार आहे 55 अक्षांशावर. नव्वदातून 55 गेले की उरतात 35, त्यातून जूनअखेरीचे साडेतेवीस वजा करा. मध्यरात्रीही सूर्य जेमतेम साडेअकरा अंश खाली जातो. म्हणजे संध्याकाळ संपायच्या आधीच पहाट.

ख्वारिज्मचे हनफी फकीह, म्हणजे धर्मकायद्याचे जाणकार, बक्काली यांनी मत दिलं की वेळच आली नाही तर इशा फर्जही, म्हणजे बंधनकारकही होत नाही. त्यांचा दाखला असा: ज्याचे हात कोपरांसकट तुटलेत, त्याच्या वुजूतले, म्हणजे नमाजेआधी हातपाय-तोंड धुण्यातले, चार फर्ज तीनच उरतात.

पंधराव्या शतकात इब्नुल हुमाम यांनी हा दाखला खोडला आणि मला त्यांचंच म्हणणं पटतं. हात हा धुण्याचा अवयवच आहे, तो नसेल तर धुणार काय? संधिप्रकाश जाणं ही मात्र नुसती खूण. खूण दिसली नाही म्हणून पाच नमाजांचा हुकूम उठत नाही. त्यांच्या हाताशी सहीह मुस्लिममधली हदीसही होती: जगाच्या अखेरीस येणाऱ्या दज्जालच्या काळात एक दिवस वर्षाएवढा असेल, तेव्हा एका दिवसाच्या नमाजा पुरतील का, असं साहाबांनी पैगंबरांना विचारलं. उत्तर आलं, नाही, अंदाजाने वेळ ठरवा.

बुल्गारच्याच परिसरात, कझानमध्ये, शिहाबुद्दीन मर्जानी यांनी 1870 मध्ये संधिप्रकाश मावळला नाही तरी इशा फर्जच, हे सांगायला अख्खा ग्रंथ लिहिला.

मग अंदाज कसा बांधायचा? शाफई पंथाचे फकीह सांगतात, जिथे संधिप्रकाश मावळतो असा सर्वांत जवळचा प्रदेश धरा. काही वेळापत्रकं सूर्यास्त ते सूर्योदय या रात्रीचे सात भाग करतात आणि पहिला भाग सरला की इशा लावतात. बुल्गारला जूनअखेरीस रात्र सुमारे साडेसहा तासांची, म्हणजे मगरिबनंतर तासाभराच्या आत इशा. रात्रीचा मध्य धरणाऱ्यांकडे हीच इशा सव्वातीन तासांनी येते. म्हणून एकाच शहरातल्या दोन मशिदींत उन्हाळ्यात इशा वेगवेगळ्या वेळी दिसली, तर कुणी चुकलंय असं समजू नका.