दुधात ठेवलेला दात

"मॅडम, एका पेशंटने दुसरा पेशंट पाठवला तर त्याला काय द्यायचं? काहीच दिलं नाही तर लोक पाठवतील कशाला, आणि दिलं तर दवाखान्याची शोभा जाते. तुम्ही हे कसं बसवलंत?"

पाठवणाऱ्याला मी काहीही देत नाही. सूट नाही, कूपन नाही, भेटवस्तू नाही. पण त्यासाठी दवाखान्यात बरंच काम करावं लागतं, आणि ते मला आधी एक चूक केल्यावर कळलं.

सांगलीत दातांचा दवाखाना सुरू करून सहा वर्षं झाली होती. शेजारीपाजारी नवे दवाखाने उघडत होते, म्हणून मी पाचशे कार्डं छापून घेतली. मजकूर असा: ओळखीतल्या कुणाला पाठवा, दोघांनाही क्लीनिंगवर वीस टक्के सूट. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी तोवर त्यांची निम्मी गल्ली माझ्याकडे पाठवली होती. रिसेप्शनिस्टने त्यांच्या हातात कार्ड दिलं. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं, काउंटरवर परत ठेवलं आणि आत येऊन मला म्हणाल्या, "डॉक्टर, मी लोकांना सांगत होते ते तुमचा हात हलका आहे म्हणून. आता मी कुणाचं नाव काढलं तर त्याला वाटेल, बाईंना यात काहीतरी मिळतंय. माझ्या शब्दाला काय राहिलं?"

सगळी गोम याच वाक्यात आहे. दात दाखवायला कुणाकडे जायचं, हे माणूस भीतीपोटी विचारतो. सुई दुखेल का, उगाच दाढ काढतील का, पैसे लावतील का. त्याला उत्तर देणाऱ्याचा काही फायदा नाही, म्हणून त्याच्या उत्तराला वजन असतं. आपण पाठवणाऱ्याच्या हातात दोनशे रुपयांची सूट ठेवली की ते वजनच काढून घेतो.

पुढच्या दोन महिन्यांत बाकीचंही दिसू लागलं. फोनवर पहिला प्रश्न "ऑफर चालू आहे का?" असा यायला लागला. सूट घेऊन आलेले बरेच जण क्लीनिंग करून गेले ते परत फिरकलेच नाहीत. आणि एकाच गृहस्थांचं नाव सात केसपेपरवर दिसलं. ते भेटायला आले आणि म्हणाले की सूट नको, रोखच द्या, आणखी पाठवतो. ज्याला आपण सगळे नावं ठेवतो तो कट हाच. फरक इतकाच की या वेळी तो मीच छापून वाटला होता. पेशंट मिळवून देण्याच्या बदल्यात कमिशन किंवा भेट देणं-घेणं डेंटल कौन्सिलच्या आचारसंहितेत बसत नाही, 2014 च्या सुधारित नियमांतही नाही. छोटी सूट आणि कमिशन यांत फार अंतर नसतं, हे त्या सात केसपेपरांनी मला दाखवलं. उरलेली कार्डं मी रद्दीत घातली.

त्यानंतर सुरुवात केसपेपरपासून केली. "कुणी पाठवलं?" या रकान्यात आमच्याकडे बहुतेक "ओळखीतून" एवढंच लिहिलेलं असायचं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. आता रिसेप्शनिस्ट विचारते, "आमच्याकडे यावं असं कसं वाटलं?" आणि पेशंट जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घेते. "मामीच्या दाढेचं रूट कॅनल केलंत, तिला कळलंही नाही म्हणे." "भाऊ म्हणाला, गरज नसेल तर सांगतात." अशी शंभरेक वाक्यं जमली तेव्हा लोक माझ्याबद्दल नेमकं काय सांगतात ते कळलं. स्वस्त आहे, असं फारसं कुणी म्हणत नव्हतं.

दुसरा प्रश्न, ओळखीतल्यांना पाठवा असं पेशंटला आपण स्वतः सांगावं का, आणि कधी. बिल भरताना तर मुळीच नाही. रूट कॅनलच्या पहिल्या सिटिंगनंतर दुखणं थांबलं की पेशंट खूश असतो आणि तेव्हा बोलायचा मोह होतो, पण तेव्हाही थांबावं. रात्रीतून दाढ पुन्हा ठणकू शकते, कॅप अजून बसायची असते. माझ्याकडे ही गोष्ट सहा महिन्यांनी तपासणीला आलेल्या पेशंटपुरतीच आहे, तीही त्याने स्वतः काही चांगलं बोलून दाखवलं तर. मग मी एवढंच म्हणते, "घरात कुणी दुखणं अंगावर काढत असेल तर एकदा दाखवायला सांगा. उपचार इथेच करा असं नाही." हे शेवटचं वाक्य मी मनापासून म्हणते. गूगलवरच्या अभिप्रायाचंही तेच: लिहायचा असेल तर लिहावा, त्याबदल्यात सूट नाही. गूगलच्या नियमांतही मोबदला देऊन अभिप्राय घेणं बसत नाही.

आणि मग कार्ड. कार्ड पुन्हा छापलं, पण त्यावर माझ्याबद्दल काही नाही. उपचार संपलेल्या प्रत्येकाला मी ते देते आणि फ्रिजवर लावायला सांगते. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, "पक्का दात मुळासकट बाहेर पडला तर". खाली पाच ओळी. मुळाला हात लावू नका, दात पांढऱ्या भागाला धरा. माती लागली असेल तर दुधाने हलकेच धुवा, घासू नका. जमलं तर लगेच त्याच जागी बसवून स्वच्छ रुमाल चावायला द्या. जमलं नाही तर कपभर दुधात बुडवून ताबडतोब जवळच्या दंतवैद्याकडे जा. दुधाचा दात असेल तर तो परत बसवायचा नाही. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत दवाखान्याचं नाव आणि फोन. एका शाळेने भिंतीवर लावायला हाच मजकूर मागितला तेव्हा मी माझं नाव काढून दिला. शाळेच्या भिंतीवर आपलं नाव म्हणजे जाहिरातच.

मागच्या वर्षी मे महिन्यात संध्याकाळी सहाच्या सुमाराला एक बाई बारा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. गल्लीत क्रिकेट खेळताना चेंडू तोंडावर बसला होता. मुलाच्या ओठाला सूज, शर्टावर रक्त. आईच्या हातात झाकण लावलेला स्टीलचा पेला, पेल्यात दूध आणि दुधात वरचा पुढचा दात, अख्खा, मुळासकट. दात पडून चाळीस मिनिटं झाली होती, पण पहिल्या पाचातच तो दुधात गेला होता. हे सुचलं शेजारच्या वहिनींना. त्यांच्या दाढेचं काम मी दोन वर्षांपूर्वी केलं होतं आणि कार्ड अजून त्यांच्या फ्रिजवर होतं.

मुळावरच्या ज्या नाजूक पेशींमुळे दात हाडाला पुन्हा धरतो, त्या कोरड्या पडल्या की मरतात. तासभर दात कोरडा राहिला तर तो वाचण्याची आशा फारच कमी. नळाच्या पाण्यात ठेवला तरी त्या पेशी फुगून फुटतात. दुधात काही काळ टिकतात. दात बसवला, बारीक लवचिक तार कंपोझिटने शेजारच्या दातांना चिकटवून दोन आठवडे आधार दिला आणि त्याच दोन आठवड्यांत रूट कॅनल सुरू केलं. आईबाबांना पहिल्याच दिवशी सांगितलं की मूळ पुढे झिजू शकतं, दात कायमचा टिकेल याची हमी नाही, काही वर्षं नियमित एक्स-रे काढत राहावं लागेल. आजवर तो जागेवर आहे.

वहिनींनी त्या कार्डाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. मी सांगितलं नव्हतं. त्यानंतर त्या इमारतीतून जे आले ते भाव विचारत आले नाहीत.

आभार मात्र मानायचे, आणि इथे जपून पावलं टाकावी लागतात. नव्या पेशंटला आधी विचारते, "त्यांनी तुम्हाला पाठवलं, त्यांना मी धन्यवाद कळवले तर चालेल का?" तो हो म्हणाला तरच फोन. फोनवर उपचाराबद्दल अवाक्षर नाही. सासूबाईंनी सून पाठवली की दोन दिवसांनी त्या विचारतातच, "काय निघालं? किती खर्च सांगितलात?" आमची रिसेप्शनिस्ट म्हणते, "ते त्याच सांगतील काकू." एकदा हे सैल सोडलं की लोक दवाखान्यात तोंड उघडतील, पण मन उघडणार नाहीत. कुणाला परवडत नसेल तर मी सवलत देते, ती बिलावर लिहून, आणि तिचा कुणी कुणाला पाठवण्याशी संबंध नसतो.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी केसपेपर घेऊन बसते. किती जण कुणाच्या सांगण्यावरून आले एवढंच मोजलं तर फसायला होतं. त्यांतल्या किती जणांनी उपचार पुरे केले, तेही बघावं लागतं. एका महिन्यात अडतीस नव्यांपैकी एकवीस जणांच्या कागदावर पाठवणाऱ्याचं नाव होतं आणि मला बरं वाटलं होतं. मग पुढचे कागद उलटले तर त्यांतले तिघे रूट कॅनल करून कॅप न बसवताच थांबलेले. पाठवणारे तिघं वेगवेगळे. मी स्वतः फोन लावले. एक गृहस्थ स्पष्टच म्हणाले, "कॅपचे पैसे वेगळे हे तुम्ही नंतर सांगितलंत." मी पहिल्या दिवशी बोलले होते, पण ठणकणाऱ्या दाढेच्या माणसाला ते ऐकू गेलेलं नव्हतं आणि कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

त्यांना पाठवलं होतं त्यांच्या मेहुण्यांनी. त्या मेहुण्यांना घरात काय ऐकावं लागलं असेल, याची मला लाज वाटली. पेशंट पाठवणारा माणूस आपल्यासाठी जामीन राहिलेला असतो. आपण चुकलो की बोल त्याला लागतो. त्या आठवड्यापासून पहिल्याच भेटीत एक छापील कागद देते. रूट कॅनल, त्यानंतरचं बिल्डअप, कॅप, कॅपचे दोन पर्याय, एकूण रक्कम, किती भेटी. पेशंट तो घरी नेतो, वाचतो, चार जणांना दाखवतो आणि मग ठरवतो. त्या गृहस्थांना मी बोलावून घेतलं, चूक माझी आहे म्हटलं आणि हप्त्याहप्त्याने पैसे घेत कॅप बसवून दिली. त्यांच्या मेहुण्यांना फोन करायची परवानगी मी या वेळीही आधी मागितली. ते म्हणाले, "मीच सांगतो त्याला."