ठाण्यात पेठ शोधायला गेले आणि सुपारी घेऊन आले

मावसबहिणीचा साखरपुडा होता म्हणून दोन दिवस ठाण्याला जाऊन आले. साखरपुडा छान झाला, जेवण बरं होतं, बासुंदी जरा पातळ होती. साखरपुड्याबद्दल एवढंच. हे लिहायला बसले त्याचं कारण आदल्या दिवशीची संध्याकाळ. त्या संध्याकाळी जांभळी नाक्यावर सुपारीच्या पोत्याशेजारी उभं राहून मी माझ्याच पेठेबद्दलचा वाद हरले.

मी जन्माची शुक्रवार पेठेतली. त्यामुळे दुसऱ्या गावी गेलं की तिथल्या माणसांना पत्त्यावरून नावं ठेवायची खोड आहे, हे आधीच कबूल करते. पनवेलच्या पुढे बस तासभर जागच्या जागी उभी होती, तेव्हापासूनच मी चिडलेली होते. त्यात रिक्षावाल्याला चरईतल्या मावशीचं घर सापडेना. "ते नाक्याच्या अलीकडे का पलीकडे?" असं त्याने तीनदा विचारलं. कुठला नाका, तर त्यालाही चार नावं! घरात शिरल्या शिरल्या मी काकांना म्हटलं, "तुमच्या ठाण्यात एक पेठ नाही हो. आमच्याकडे कसं, वाराचं नाव घेतलं की माणूस दारात येतो."

काका म्हणजे मावशीचे यजमान. भूमापन खात्यातून निवृत्त झाले. आयुष्यभर मोजणीचे नकाशे आणि जुनी दप्तरं चाळलेला माणूस. ते काहीच बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "चल, सुपाऱ्या आणायच्यात."

मासुंदा तलावाच्या कडेने, कोपिनेश्वराच्या देवळापाशी आलो. तिथून पुढे भाजीवाले, फुलवाले, टोपल्या, हॉर्न, पायाखाली कोथिंबिरीच्या काड्या. संध्याकाळी सातच्या सुमाराला जांभळी नाक्यावर चालता येत नाही, ढकललं जाता येतं. मला गर्दीचं वावडं नाही, मंडईजवळ वाढलेय मी. पण मंडईत गर्दीला निदान दिशा असते.

किराण्याच्या एका जुन्या दुकानासमोर काका थांबले आणि त्यांनी शांतपणे विचारलं, "वाराची नावं का पडली गं तुमच्या पेठांना?"

"त्या त्या वारी तिथे बाजार भरायचा म्हणून," मी म्हटलं. शाळेत असल्यापासून हेच ऐकत आलेय. तुम्हीही हेच ऐकलं असणार.

"मग जुना बाजार कुठे भरतो?"

"मंगळवार पेठेत."

"कुठल्या वारी?"

मी गप्प. कारण जुना बाजार भरतो बुधवारी आणि रविवारी. सगळ्या पुण्याला माहीत आहे.

हा झाला त्यांचा विनोद, कारण आजच्या बाजारावरून दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचं काही सिद्ध होत नाही, हे तेही मान्य करत होते. खरा मुद्दा त्यांनी नंतर काढला. आठवडी बाजार हे खेड्यांचं गणित आहे. पंचक्रोशीतल्या दहा-बारा गावांनी वार वाटून घ्यायचे, म्हणजे व्यापारी बैलावर माल लादून आज इथे, उद्या तिथे जाऊ शकतो. दोन बाजारांत काही कोसांचं अंतर असलं तरच त्याला अर्थ. बुधवारातून शुक्रवारात जायला मला पाच मिनिटं लागतात, रविवारात जायला दहा. एवढ्याशा जागेत सात बाजारांना सात वार कोण वाटून देईल? शिवाय पेठेतली दुकानं रोज उघडी असायची. पेठ म्हणजे कायमची बाजारवस्ती. आठवड्यातून एकदा पथारी टाकून उठायची जागा वेगळी.

आणि नावांचा क्रम बघा, असं काका म्हणाले. यातल्या बऱ्याच वस्त्या वाराचं नाव मिळण्याआधीपासून होत्या आणि त्यांना आपापली नावं होती. शनिवार म्हणजे मुर्तझाबाद. रविवार म्हणजे मलकापूर. सोमवार म्हणजे शहापूर. मंगळवार म्हणजे शाइस्तापूर, शाइस्ताखानाच्या नावावरून. बुधवारची गोष्ट तर सरळ इतिहासातली आहे. 1703 साली औरंगजेबाचा मुक्काम पुण्यात असताना त्याचा नातू मुही-उल-मिलत इथे वारला, म्हणून बादशहाने त्याच्या नावाने मुहियाबाद केलं. पेशवाई आल्यावर शहर वाढलं, जुन्या वस्त्या नव्याने बसवल्या गेल्या आणि जुन्या नावांवर वार चढले. बाजाराच्या वारावरून नाव पडलं असतं तर ते वस्तीबरोबरच जन्माला आलं असतं. इथे तर नाव मागाहून, वरून आलेलं दिसतं. सात वार म्हणजे तयार यादी. कुणाचा मान नाही, कुणाचा अपमान नाही, आणि लोकांच्या तोंडात पहिल्या दिवसापासून बसणारी नावं.

"आणि माझी शुक्रवार?" मी विचारलं. आवाज जरा लहान झाला होता.

"विसापूर."

मी चक्क दुखावले. आपल्या पेठेला दुसरं नाव होतं हे वयाच्या चाळिशीत, ठाण्यात, गर्दीचे धक्के खात कळावं!

इथपर्यंत मी उभ्या उभ्या ऐकत होते. मग काकांनी दुकानदाराकडे पाव किलो सुपारी मागितली. त्याने तराजूत ओतली. काकांनी त्यातली एक सुपारी उचलून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "हा शेट्याचा हक्क."

त्याचा अर्थ असा. पेशवाईत पेठ आपोआप वाढायची नाही, ती वसवायची. सरकारातून एखाद्याला परवानगी मिळायची. त्याने मोकळ्या जागेत रस्ते आखायचे, वाणी-उदमी, सराफ, कारागीर गोळा करायचे. ते उगाच कशाला येतील? म्हणून त्यांना कौल द्यायचा: एवढी वर्षं जकात माफ, घरपट्टी माफ, या आणि दुकान थाटा. पेठ भरली की तिच्यावर शेट्या आणि महाजन हे वतनदार. वजनमापं बरोबर आहेत का, व्यापाऱ्यांत तंटा झाला तर निवाडा कसा, हे त्यांनी बघायचं. त्याबदल्यात त्यांना दर दुकानामागे काही ना काही मिळायचं, बहुतेक वेळा वस्तूच्याच रूपात. वाण्याकडून सुपारी, तेल्याकडून पळीभर तेल, भाजीवाल्याकडून मूठभर भाजी. तळहातावर ठेवली तर नगण्य. शंभर दुकानांची गोळा केली तर घर चालतं.

म्हणजे पेठ वसवणं हा धंदा होता, आणि मानही. माझ्या शुक्रवारचंच घ्या. विसापूरची शुक्रवार पेठ केली जिवाजीपंत खासगीवाल्यांनी. बरीच खटपट त्यांची, पण नाव वाराचं. पुढे मात्र वार संपले. सातच ना ते! मग नवीन पेठांना माणसांची नावं यायला लागली. पानिपतावर गेलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने सदाशिव पेठ. नारायणरावांवरून नारायण. आधी हनुमंत पेठ म्हणून बसवलेली नाना फडणिसांवरून नाना पेठ झाली. शिवपुरी म्हणून ठरवलेली पेठ सरदार रास्त्यांचा वाडा तिथे असल्याने लोकांनी रास्ता पेठ करून टाकली. कागदावर एक आणि जिभेवर दुसरं, आणि जीभ जिंकली.

वारसुद्धा कायम टिकले असं नाही. गुरुवार पेठेत वेताळाचं देऊळ, म्हणून कितीतरी काळ लोक तिला वेताळ पेठ म्हणायचे. आता पुन्हा गुरुवार. गंज पेठेची महात्मा फुले पेठ झाली, ती तर आपल्यापुढचीच गोष्ट, कारण फुल्यांचा वाडा तिथलाच.

"बरं, धंद्यांची नावं?" मी विचारलं. मला कुठेतरी एक गुण मिळवायचा होता. "तांबट, बोहरी..."

"त्या आळ्या."

आणि इथे मी खरंच हरले, कारण हे मला रोज दिसत असून दिसलं नव्हतं. तांबट आळी कसबा पेठेत आहे. बोहरी आळी रविवार पेठेत. पुण्यात पेठेचं नाव बहुतेक वार, देव नाहीतर मोठा माणूस, आणि धंद्याचं नाव एक पायरी खाली, आळीला. सोलापूरसारखी साखर पेठ पुण्यात शोधून बघा. तांब्याची भांडी ठोकणारे एका रांगेत राहायला लागले की आळीचं नाव त्या ठोकाठोकीतूनच पडतं. त्याला परवानगी लागत नाही. पेठेला मात्र हुकूम लागतो, सनद लागते, नाव लिहून द्यायला कुणीतरी लागतं.

मग ठाण्यात पेठ का नाही, याचं उत्तर काकांना द्यावंच लागलं नाही. ठाणं 1737 पर्यंत पोर्तुगीजांकडे. मग मराठ्यांकडे, पण 1774 च्या अखेरीस इंग्रजांनी घेतलं. मध्ये पुरती चाळीस वर्षंही नाहीत. तेवढ्यात मराठ्यांच्या सरसुभेदाराने, रामाजी महादेव बिवलकरांनी, 1760 मध्ये कोपिनेश्वराचं देऊळ नव्याने बांधलं. पण कौल देऊन नवी पेठ भरवावी, अशी ही राजधानी नव्हती. कोकणातली वस्ती आळी, पाडा, पाखाडी अशीच वाढत गेली: खारकर आळी, नौपाडा, पाचपाखाडी, चेंदणीचा कोळीवाडा. पुण्याच्या पेठेच्या पोटात जे असतं, ते इथे उघड्यावर आहे.

मी परत निघताना हे सगळं मावशीला सांगितलं. तिला शष्प रस नव्हता. ती डबा भरत होती आणि म्हणाली, "तुम्ही दोघं सुपारी आणायला गेलात का व्याख्यान द्यायला? पाव किलोला दीड तास!"

परतीची बस वेळेवर होती आणि खिडकीची जागा मिळाली, म्हणून त्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ती सुपारी मी पर्समध्येच ठेवली होती. स्वारगेटला उतरून रिक्षावाल्याला "शुक्रवार" म्हटलं, तर तो म्हणाला, "शुक्रवारात कुठे? नीट सांगा ना!"

मला नाक्याचं नाव सांगावं लागलं.