तुम्ही विचारलंत म्हणून : आधी शब्दसूची, मग अनुवाद

“मॅन्युअल हातात आल्यावर तुम्ही लगेच अनुवादाला का बसत नाही? शब्द काय, करता करता ठरत जातातच की.”

शब्द करता करता ठरतात हे खरे आहे, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. ते ठरतात, पण प्रत्येक प्रकरणात वेगळे ठरतात, आणि ते वेगळे ठरले आहेत हे ठरवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. लांबलचक मॅन्युअलमध्ये एखादा भाग दुसऱ्या प्रकरणात भेटतो आणि पुन्हा थेट अकराव्यात भेटतो. मधल्या काळात अनुवादकाचा हात बदललेला असतो. फाइल तुकड्यांत अपलोड झालेली असली तर अनुवादकही बदललेला असतो.

एके काळी मी स्वतः तुमच्याच बाजूने बोलत असे. एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये, असे निबंध लिहिताना आपल्या सगळ्यांच्या मनावर बिंबवले जाते, आणि शब्दसूचीने मराठी ताठर होते असे मी आग्रहाने सांगत असे. त्या मताचा काही भाग मला आजही पटतो. प्रस्तावनेत किंवा यंत्राची ओळख करून देणाऱ्या पानांवर वाक्य मोकळे वाहिले पाहिजे. पण हातात पाना घेऊन उभा असलेला माणूस जे पान उघडतो, त्या पानावर दोन वेगळे शब्द दिसले तर तो दोन वेगळ्या वस्तू शोधू लागतो; आणि दोन वस्तूंना एकच शब्द दिसला, तर त्यातली जी आधी सापडेल तिला हात घालतो.

हे मी अंदाजाने बोलत नाही. एका हायड्रॉलिक प्रेसच्या देखभालीचे मॅन्युअल वेगवेगळ्या अनुवादकांकडून मराठीत येऊन माझ्याकडे जोडणीसाठी आले होते. अनुवादक चांगले होते आणि सुटे वाचले तर कोणत्याही प्रकरणात बोट ठेवायला जागा नव्हती. या यंत्रात तेलाशी संबंधित दोन भांडी असतात. एक म्हणजे रिझर्व्हॉयर, तेलाची साधी टाकी. तिला हवा आत-बाहेर जाण्यासाठी ब्रीदर असतो, त्यामुळे आतला दाब जवळपास बाहेरच्या हवेइतकाच राहतो. दुसरे म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटर. त्यात एका बाजूला दाबून भरलेला नायट्रोजन असतो, दुसऱ्या बाजूला तेल, आणि मध्ये रबरी पिशवी किंवा पिस्टन. पंप बंद केला, वीज तोडली, तरी तो वायू तेलाला ढकलतच राहतो, म्हणजे यंत्र थंड आणि गप्प दिसत असताना वाहिनीत पूर्ण दाब असू शकतो.

सुरक्षेच्या प्रकरणात अ‍ॅक्युम्युलेटरला ‘साठवण टाकी’ म्हटले होते आणि पहिल्या उल्लेखानंतर नुसते ‘टाकी’. रिझर्व्हॉयरला सगळीकडे ‘तेलाची टाकी’ होते, तेही दोन वाक्यांनंतर ‘टाकी’ झाले होते. देखभालीच्या प्रकरणात अ‍ॅक्युम्युलेटर ‘संचयक’ झाला होता आणि बिघाडांच्या तक्त्यात ‘दाबटाकी’. मूळ सूचना अशी होती की, पाइपचा जोड सैल करण्यापूर्वी अ‍ॅक्युम्युलेटरमधला दाब उतरवावा. मराठीत छापायला निघालेले वाक्य होते : “पाइप सोडण्यापूर्वी टाकी रिकामी करावी.”

मसुदा वाचणाऱ्या देखभाल पर्यवेक्षकांचा फोन आला. त्यांनी एवढेच विचारले, “कोणती टाकी, साहेब? तेलाची रिकामी केली तर लाइनमधला दाब कुठे जातो?” मी पान उघडले आणि त्यांना लगेच उत्तर देऊ शकलो नाही, कारण मराठीवरून मलाही ते कळत नव्हते. वाक्य शुद्ध होते, सुटसुटीत होते, आणि ते पाळणारा माणूस खालचा प्लग काढून तेल उपसून घेईल, काम झाले असे समजेल आणि दाबाखालच्या जोडाला पाना लावेल. अशा जोडातून सुटलेली तेलाची बारीक धार हातमोजा भेदून कातडीखाली शिरू शकते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, पण तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते. फोनवर पर्यवेक्षक रागावले नव्हते. ते शांतपणे पुढची पाने वाचून दाखवत होते, आणि प्रत्येक ‘टाकी’पाशी थांबत होते. तो थांबा मला अजून ऐकू येतो.

आता तुमचा पुढचा प्रश्न मला पाठ आहे : मग शोधा आणि बदला असे एकदा करून टाकायचे, त्यासाठी आधीच खोळंबा कशाला? आम्हीही तेच करायला गेलो. पण ‘टाकी’ स्त्रीलिंगी आणि ‘संचयक’ पुल्लिंगी. “टाकी पूर्ण रिकामी झाली आहे याची खात्री करा आणि मगच तिचे झाकण काढा” या वाक्यात शब्द बदलला की “संचयक पूर्ण रिकामी झाली” आणि “मगच तिचे झाकण” असे अपंग वाक्य उरते. ‘टाकीतील’चे ‘संचयकतील’ होते, ‘संचयकातील’ होत नाही. ज्या भाषेत नामाला लिंगानुसार विशेषण आणि क्रियापद चिकटते आणि प्रत्यय लागताना नामाचे रूपच पालटते, तिथे एक शब्द उशिरा बदलणे म्हणजे त्याच्या भोवतीचे वाक्य नव्याने लिहिणे. त्याहून वाईट म्हणजे, कोणती टाकी मुळात रिझर्व्हॉयर होती आणि कोणती अ‍ॅक्युम्युलेटर, हे मराठी पानावर कुठेच शिल्लक नव्हते. दोन गोष्टी एका शब्दात शिरल्या की मराठीवरून त्या परत वेगळ्या काढता येत नाहीत. प्रत्येक ठिकाणी मूळ उघडावे लागते. तपासणी म्हणून सुरू झालेले काम पुनर्अनुवाद होऊन बसले.

अनुवादाच्या सॉफ्टवेअरची स्मृती हे सांभाळत नाही का, असेही विचारले जाते. ती पूर्वी केलेली वाक्ये लक्षात ठेवते आणि तसेच वाक्य आले की पुढे करते. पहिल्यांदा जे चुकीचे लिहिले गेले, तेही ती तितक्याच निष्ठेने पुढे करते. शब्दांचा कोश तिला वेगळा भरवावा लागतो, म्हणजे तो आधी कोणीतरी केलेला असावा लागतो.

म्हणून मी सुरुवात वाचनाने न करता मोजणीने करतो. पीडीएफमधून मजकूर वेगळा काढतो आणि एकेका मुख्य नामाच्या आधी काय काय येते ते पाहतो.

```
pdftotext manual.pdf manual.txt
grep -oiE '[a-z-]+ valve' manual.txt | tr 'A-Z' 'a-z' | sort | uniq -c | sort -rn
```

या यादीत रिलीफ वॉल्व्ह, चेक वॉल्व्ह, शट-ऑफ वॉल्व्ह असे सगळे प्रकार किती वेळा आले आहेत ते एका नजरेत दिसते. यादीत वरच्या बाजूला बहुधा नुसते `the valve` असते आणि माझे लक्ष सगळ्यात जास्त तिथेच असते, कारण लेखकाने कोणता वॉल्व्ह हे वाचकावर सोडलेल्या त्या जागा असतात. मराठीत तिथे पूर्ण नावच लिहायचे, असे मी ठरवून टाकतो. या मोजणीच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्या लागतात. ओळ तुटल्यामुळे दोन ओळींत विभागलेली नावे तिला सापडत नाहीत, आकृतीच्या चित्रात कोरलेली नावे सापडत नाहीत, आणि मॅन्युअल स्कॅन केलेले असेल तर फाइल रिकामीच येते. तेव्हा आधी अक्षरओळख करून घ्यावी लागते. म्हणून सुट्या भागांची यादी आणि आकृत्यांखालची नावे मी डोळ्यांनीच वाचतो.

सूचीत सगळे शब्द घेत नाही. जो शब्द एकापेक्षा जास्त प्रकरणांत येतो, ज्याला मराठीत दोन सयुक्तिक पर्याय आहेत, किंवा ज्याचा पर्याय दुसऱ्या शब्दाच्या पर्यायाशी टक्कर घेतो, तोच आत येतो. त्यामुळे सूची पानदोन पानांत आटोपते, आणि ती तशीच राहिली पाहिजे. काम करताना शेजारी ठेवून पाहता येत नाही अशी सूची कोणी पाहत नाही. प्रत्येक ओळीत मूळ शब्द, ठरलेला मराठी शब्द, त्याचे लिंग, प्रत्ययापूर्वीचे रूप आणि वापरायचे नाहीत असे पर्याय असतात. लिंगाचा रकाना पाहून लोक हसतात. पण पंप चालू झाला, मोटर चालू झाली, इथवर सगळे एकमत असते. ‘सील बदलले’ की ‘सील बदलला’ इथे दोन अनुवादक हमखास दोन दिशांना जातात.

अ‍ॅक्युम्युलेटरची ओळ आता अशी आहे : संचयक, पुल्लिंग, संचयका-, ‘टाकी’ हा शब्द कोणत्याही जोडीने निषिद्ध. आणि तिच्याखाली क्रियापदे आहेत, कारण नामे सांभाळून क्रियापदे मोकळी सोडली तर घोटाळा परत येतो. तेल प्लगमधून बाहेर घेणे म्हणजे ‘तेल काढणे’, वाहिनीत अडकलेली हवा घालवणे म्हणजे ‘हवा काढणे’, दाब कमी करणे म्हणजे ‘दाब उतरवणे’. संचयकाच्या बाबतीत ‘रिकामा करणे’ मी वर्ज्य केले आहे. तेलाकडचा दाब उतरवला तरी नायट्रोजन आतच असतो आणि संचयक उघडायचा असेल तर तो वायूच्या वॉल्व्हमधून वेगळा सोडावा लागतो. ‘रिकामा’ म्हटले की ही दुसरी पायरी वाचकाच्या डोक्यातून निघून जाते.

पॅनेलवरचे शब्द मात्र मी भाषांतरित करत नाही. बटणावर `RESET` लिहिले असेल तर मजकुरातही `RESET` च राहते, कारण वाचक ते अक्षर शोधणार आहे.

सूची पहिल्या फेरीत पक्की होते असा माझा दावा नाही. एक मधले प्रकरण तिच्या आधारे करून पाहतो, आणि बहुतेक वेळा काही ओळी मोडतात. रिझर्व्हॉयर हा शब्द वंगणाच्या छोट्या भांड्यालाही वापरला आहे, असे तेव्हाच उघडकीला येते. मग सूची बदलतो, बदल तारखेसह नोंदतो आणि ती सगळ्यांना पुन्हा पाठवतो. हे एका प्रकरणानंतर परवडते.

आणि खुद्द ‘संचयक’ हा शब्द बरोबर आहे का, यावर माझे माझ्याशीच एकमत नाही. यंत्रावर काम करणारी माणसे ‘अ‍ॅक्युम्युलेटर’ म्हणतात, काही नुसते ‘बाटला’ म्हणतात, आणि त्यांच्यासाठीच तर मॅन्युअल आहे. परिभाषा कोशाकडे झुकणारा संपादक ‘अ‍ॅक्युम्युलेटर’ छापू देत नाही. गेल्या कामात मी संचयक ठेवला आणि भागांच्या यादीत त्याच्यापुढे अ‍ॅक्युम्युलेटर असे एकदा लिहिले. पुढच्या कामात कदाचित उलटे करीन. जे करीन ते पहिल्या प्रकरणाच्या आधी करीन, एवढे मात्र तुम्ही मला करू द्या.